केबी टेस्टमध्ये २७ पेशी, २.२५ व्हायल : नेमक्या किती द्यायच्या?

रात्रपाळी

काल रात्रीपासून एकाच आकड्यावर अडकले आहे. इथे ब्लड बँकेतली आणि प्रसूती विभागातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

आई आरएच निगेटिव्ह, पहिली खेप. आईच्या शरीराने बाळाच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवू नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन २८व्या आठवड्यात मिळालेलं आहे. बाळ आरएच पॉझिटिव्ह, दोघांचाही गट ओ. बाळ जन्मतःच फिकट होतं, हिमोग्लोबिन ९.६, वजन ३ किलो. म्हणून बाळाचं किती रक्त आईत गेलं ते मोजायला आईचं रक्त केबी टेस्टला आलं. नमुना वार पडल्यावर चाळीस मिनिटांनी ईडीटीएमध्ये घेतला होता.

मी २००० पेशी मोजल्या, त्यात बाळाच्या गडद गुलाबी पेशी २७. म्हणजे १.३५ टक्के. आईचं रक्त ५००० मिली धरून ६७.५ मिली. अँटी-डीची ३०० मायक्रोग्रॅमची एक व्हायल बाळाच्या ३० मिली रक्ताला पुरते, म्हणून भागिले ३०, उत्तर २.२५.

एक व्हायल जन्मानंतर तीन तासांत दिलीच आहे. आता मोठे डॉक्टर म्हणतात, "आणखी एक द्या, झालं." निवासी डॉक्टर म्हणतात, २.२५ चे ३ करा, वर सुरक्षिततेची १, म्हणजे एकूण ४. अँटी-डी द्यायच्या बहात्तर तासांपैकी वीस उलटून गेलेत. नियम नेमका काय आहे आणि तो तसाच का आहे, दोन्ही सांगाल का?

अभय_म

तुमची भागाकारातच चूक आहे. ३०० मायक्रोग्रॅम १५ मिलीला पुरतं, ३० ला नाही. ६७.५ भागिले १५ म्हणजे ४.५. पाच तरी व्हायल लागतील. हे मी प्रशिक्षणात स्वतः लिहून घेतलं आहे.

जुनीस्लाइड

अभय, तुम्ही लिहून घेतलेलं बरोबर आहे, पण ते १५ मिली फक्त लाल पेशींचे आहेत. रात्रपाळींचे ६७.५ मिली हे पूर्ण रक्त आहे, त्यात प्लाझ्मा आला. नवजात बाळाच्या रक्तात साधारण निम्मा भाग लाल पेशींचा धरतात, म्हणून ६७.५ मिली रक्तात पेशी सुमारे ३३.७५ मिली. त्याला १५ ने भागा, उत्तर पुन्हा २.२५ च येतं. वर रक्त असेल तर खाली ३०, वर पेशी असतील तर खाली १५. मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत जास्त इथेच झालेल्या आहेत.

आता नियम. दशांश .५ पेक्षा कमी असेल तर खाली उतरा आणि एक मिळवा. .५ किंवा जास्त असेल तर वर चढा आणि एक मिळवा.

```
२७ ÷ २००० × १०० = १.३५ %
१.३५ × ५० = ६७.५ मिली रक्त
६७.५ ÷ ३० = २.२५ → २, २ + १ = ३
```

एकूण ३. पहिली दिलेली यातच धरायची, म्हणजे आणखी २. निवासी डॉक्टरांनी वर चढूनही एक मिळवली, मोठ्या डॉक्टरांनी खाली उतरून मिळवलीच नाही. २८व्या आठवड्यातली मात्रा मात्र यातून वजा करू नका. ती तेव्हापासूनच ओसरत आलेली असते.

रात्रपाळी

मनापासून आभार, लगेच कळवते. पण ती +१ कुठून आली हे मला निवासी डॉक्टरांना समजावून सांगता यायला हवं. "नियम आहे" एवढ्यावर ते गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नये.

जुनीस्लाइड

ती मोजणीच्या अनिश्चिततेतून आली. तुम्ही २७ मोजल्या. त्याच नळीतून दुसरा स्मिअर काढून मोजलात तर २७ च येतील का? नाही. कधी २२ येतील, कधी ३३. इतक्या विरळ पेशी मोजताना हेलकावा त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. २७ चं वर्गमूळ पाचच्या थोडं वर. दुप्पट धरलं तर खरा आकडा १७ ते ३७ मध्ये कुठेही असू शकतो.

१७ असतील तर रक्त ४२ मिली, ३७ असतील तर ९२ मिली. ९२ ला ३० ने भागून ३ च्या थोडं वर येतं. म्हणजे तुमच्या ३ व्हायल या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जेमतेम पोचतात. मोठ्या डॉक्टरांच्या २ व्हायल ६० मिलीलाच पुरल्या असत्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या मोजणीच्या मधल्या आकड्यालाही कमी. एक व्हायल जास्त गेली तर आईचं फारसं काही बिघडत नाही. कमी पडली आणि तिच्या शरीराने स्वतःची अँटी-डी तयार केली, तर ते परत फिरवता येत नाही.

काचपट्टी

गणिताच्या आधी स्लाइडबद्दल बोलू या का? बावीस वर्षं हेच करते आहे. बाई, तुमच्या कंट्रोल स्लाइड कशा आल्या होत्या? तुम्ही तो उल्लेखच केला नाहीत, म्हणून विचारते.

रात्रपाळी

काचपट्टी ताई, तेच सांगणार होते. पहिल्या फेरीत निगेटिव्ह कंट्रोलच फसला. पुरुषाच्या रक्ताचा स्मिअर, त्यात सगळ्या पेशी पोकळ दिसायला हव्या होत्या, पण निम्म्या फिकट गुलाबी राहिल्या. ती फेरी टाकून दिली आणि पुन्हा केली. दुसऱ्या फेरीत कंट्रोल व्यवस्थित, २७ हा आकडा तिथला. पहिल्यात काय चुकलं ते कळलं नाही. बफर त्याच बाटलीतला होता.

काचपट्टी

पहिल्या फेरीत बफर फ्रिजमधून काढून थेट वापरलात का?

रात्रपाळी

हो... काढून लगेच जारमध्ये ओतला, आणि जार पाच मिनिटं वॉटर बाथमध्ये. दुसऱ्या वेळेपर्यंत तो तिथेच राहिला होता.

काचपट्टी

मग तेच. या टेस्टचा सगळा खेळ असा की आम्लात प्रौढ हिमोग्लोबिन पेशीतून विरघळून बाहेर येतं आणि बाळाचं आत टिकून राहतं. पण त्यासाठी आम्ल पीएच ३.२ ते ३.३ च्या आसपास हवं आणि ३७ अंशांवर हवं. थंड बफरमध्ये पाच मिनिटांत काम अर्धवट होतं. आईच्या पेशी पूर्ण रिकाम्या होत नाहीत, मग त्या गुलाबी उतरतात आणि घाईत मोजणारा त्यांनाही बाळाच्या पेशी म्हणतो. पीएच वर गेला तरी हेच होतं. पीएच फार खाली गेला किंवा जास्त वेळ ठेवलं तर उलटं, बाळाच्या पेशीही फिकट पडतात आणि आकडा खोटा कमी येतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण निगेटिव्ह कंट्रोल सुंदर दिसतो आणि कुणालाच शंका येत नाही. म्हणून प्रौढ रक्तात नाळेचं थोडं रक्त मिसळून केलेला पॉझिटिव्ह कंट्रोल त्याच जारमध्ये, त्याच वेळी हवाच.

माझी पद्धत: बफर आधी अर्धा तास बाथमध्ये, जारच्या आत थर्मामीटर. बाथचा डिस्प्ले ३७ दाखवतो म्हणजे जार ३७ वर आहे असं होत नाही. रक्त सलाइनने निम्मं पातळ करून स्मिअर काढायचा, म्हणजे पेशी एकेकट्या पसरतात. जाड स्मिअरमध्ये खालच्या पेशींपर्यंत आम्ल नीट पोचत नाही. मग हवेत पूर्ण वाळवून ८० टक्के अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं, आणि त्यानंतरच बफर.

आणखी एक. लिम्फोसाइट मोजल्या नाहीत ना? त्याही रंग धरतात. फोकस थोडा वर-खाली केला की केंद्रक आणि दाणेदारपणा दिसतो. बाळाची लाल पेशी एकसारखी भरलेली, चकाकणारी असते.

मृण्मयी_प

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. मी आरएच निगेटिव्ह, ३१वा आठवडा. २८व्या आठवड्यात ते इंजेक्शन घेतलं. आता रिपोर्टमध्ये अँटीबॉडी स्क्रीन पॉझिटिव्ह आलंय! म्हणजे बाळाचं रक्त माझ्यात आलं का? मला ही केबी टेस्ट करून घ्यायला हवी का? कालपासून झोप नाही.

जुनीस्लाइड

मृण्मयी, आधी श्वास घ्या. या धाग्यातली टेस्ट बाळाच्या पेशी शोधते, तुमची टेस्ट अँटीबॉडी शोधते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला इंजेक्शनमधून जे दिलं ती अँटी-डी अँटीबॉडीच होती. तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे इतक्या लवकर स्क्रीन हलकी पॉझिटिव्ह येणं अपेक्षितच आहे. इंजेक्शनच्या आधीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता ना, एवढं पाहा. आणि लॅबला इंजेक्शनची तारीख कळवली होती का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. ती माहिती नसली की असे रिपोर्ट घबराट करतात. अँटीबॉडी खरोखर तुमची स्वतःची आहे का, हे ते तिची पातळी वाढते की उतरते यावरून ठरवतील.

मृण्मयी_प

आधीचा निगेटिव्ह होता. डॉक्टरांना आजच फोन करते. खूप खूप धन्यवाद.

चकोर

आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. केबीत ४ टक्के आले. गणिताने २०० मिली, म्हणजे ६.६७, म्हणजे ८ व्हायल. सगळे धावपळ करायला लागले. आमच्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ कसं आहे?" बाळ गुलाबी, रडतंय, हिमोग्लोबिन १७. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिली. त्यातलं २०० गेलं असतं तर ते असं रडलं असतं का? स्लाइड पुन्हा पाहिली. गडद पेशी मोजक्याच होत्या, बाकी सगळ्या मध्यम गुलाबी, काही हलक्या, काही थोड्या जास्त. आईला थॅलसिमिया ट्रेट होता. तिच्याच पेशींमध्ये गर्भाचं हिमोग्लोबिन थोडं शिल्लक राहतं, त्या आम्ही बाळाच्या म्हणून मोजल्या होत्या. फ्लो सायटोमेट्रीवर अँटी-डी लावून पाहिलं तर खरा रक्तस्राव एका व्हायलच्या आतला निघाला.

काचपट्टी

अगदी बरोबर. आणि ट्रेट नसतानाही गरोदरपणात काही बायकांमध्ये अशा मध्यम रंगाच्या पेशी वाढतात. दोन स्पष्ट गट दिसले, रिकामे आणि गडद, तर आकड्यावर विश्वास. मधल्या सगळ्या छटा दिसल्या तर आधी संशय घ्यायचा.

रात्रपाळी

चकोर, हे वाचून परत जाऊन स्लाइड पाहिली. दोनच गट आहेत, मधल्या छटा जवळजवळ नाहीत. आणि आमचं बाळ खरंच फिकट आहे. ६७ मिली म्हणजे त्याच्या रक्ताचा चौथा हिस्सा. ९.६ शी ते जुळतं असं वाटतं.

जुनीस्लाइड

जुळतं. तरी लक्षात ठेवा, रक्त हळूहळू अनेक आठवडे झिरपत असेल तर हिशोब इतका सरळ बसत नाही, कारण बाळ मधल्या काळात नव्या पेशी बनवत राहतं. बाळाचं हिमोग्लोबिन ढोबळ चूक पकडायला उपयोगी, मिली ठरवायला नाही.

दोघांचा गट ओ हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत ते चांगलं केलंत. बाळ ए आणि आई ओ असती तर आईच्या अँटी-एने बाळाच्या पेशी आधीच उचलून नेल्या असत्या आणि केबीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी आला असता.

अभय_म

मला एक कळत नाही. आधी रोझेट टेस्ट का केली नाही? ती निगेटिव्ह आली असती तर हे सगळं टळलं असतं.

काचपट्टी

गाळणी म्हणून रोझेट उत्तम, अभय. पण बाळाच्या पेशी आईत आल्या की नाही एवढंच ती सांगते, किती ते सांगत नाही. फिकट बाळ समोर असताना आकडा लागणारच होता. आणि आई वीक डी असेल, म्हणजे तिच्या पेशींवर डी थोडासा असेल, तर रोझेट खोटी पॉझिटिव्ह येते, तिच्या स्वतःच्याच पेशी फुलं बनवतात.

डॉ_सावली

मी प्रसूतीतज्ज्ञ आहे. एक मुद्दा कुणीच काढला नाही. आईचं वजन किती?

रात्रपाळी

९२ किलो, उंची १६० सेंमी.

डॉ_सावली

मग ५००० मिली कुठून आलं? किलोला ७० मिली धरा: ६४४० मिली. त्याचे १.३५ टक्के म्हणजे ८७ मिली. भागिले ३०, उत्तर २.९, वर चढून ३, आणि एक, म्हणजे ४. निवासी डॉक्टर चुकीच्या कारणाने बरोबर उत्तराला पोचलेत असं माझं मत.

जुनीस्लाइड

मुद्दा योग्य, पण किलोला ७० हे प्रमाण जाड व्यक्तीत फुगतं. चरबीच्या ऊतीत रक्त कमी असतं. उंची आणि वजन दोन्ही घेणारं नॅडलरचं सूत्र लावलं तर या बाईंना सुमारे ४.७ लिटर येतं, त्यावरून ६३ मिली, आणि उत्तर ३.

ब्रिटिश पद्धत लावून पाहा. तिथे लाल पेशीच मोजतात आणि बाळाच्या पेशींना आईच्या पेशींनी भागतात. आईच्या पेशी १८०० मिली धरायच्या, बाळाच्या पेशी २२ टक्के मोठ्या असतात आणि त्यातल्या ९२ टक्केच रंग घेतात, हे सगळं मिळून गुणक २४०० होतो.

```
२७ ÷ १९७३ × २४०० ≈ ३२.८ मिली लाल पेशी
३२.८ × १२५ ≈ ४१०० आंतरराष्ट्रीय युनिट
```

३०० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये १५०० युनिट. ४१०० ला २.७ व्हायल, म्हणजे पुन्हा ३. दोन वेगळ्या वाटांनी एकच गाव आलं.

डॉ_सावली

पण नॅडलरचं सूत्र गरोदर नसलेल्यांसाठीचं आहे, गरोदरपणात रक्त बरंच वाढतं. आणि ब्रिटिश सूत्रातले १८०० मिलीसुद्धा सरासरी बाईचेच. दोन वाटा एकाच गृहीतकावर उभ्या असतील तर त्या जुळल्या याने माझं समाधान होत नाही. खाट धरून बसलेली ९२ किलोची बाई सरासरी नाही.

जुनीस्लाइड

हे मान्य करतो. माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. मी ३ देऊन नंतरच्या नमुन्यावर भर देईन, तुम्ही ४ द्याल. दोन्ही समर्थनीय.

अभय_म

काहीही ठरलं तरी सगळ्या एकदम शिरेतून देऊन टाका, मोकळं व्हा.

डॉ_सावली

थांबा! लेबलवर शिरेतून चालतं असं लिहिलं असेल तरच. फक्त स्नायूतलं औषध शिरेतून कधीही द्यायचं नाही. स्नायूत द्यायचं तर वेगवेगळ्या जागी विभागून द्या. आणि बहात्तर तास उलटले म्हणून सोडूनही देऊ नका. उशिरा दिलेली मात्राही काही प्रमाणात वाचवू शकते.

रात्रपाळी

रात्री आम्ही दोघींनी, एकमेकींचा आकडा न बघता, ताज्या स्मिअरवर मोजलं. मला २४, सहकारीणीला ३१. मिळून ४००० मध्ये ५५, म्हणजे १.३८ टक्के, तेच उत्तर. ब्लड बँकेच्या डॉक्टरांनी वजनाचा मुद्दा ऐकून घेतला आणि एकूण ४ ठरवल्या. उरलेल्या तीन वेगवेगळ्या जागी स्नायूत, ३१व्या तासाला दिल्या. निवासी डॉक्टर खूश आहेत, पण वर्गमूळाचा हिशोब त्यांनी स्वतः फळ्यावर करून पाहिला.

काचपट्टी

दोघींनी वेगळं मोजलंत हे फार छान केलंत. ७२ तासांनी परत नमुना घ्या.

रात्रपाळी

(चार दिवसांनी) घेतला. ४००० पेशींत गडद पेशी एकही नाही. आईच्या प्लाझ्मात अँटी-डी दिसतेय. बाळाला रक्त द्यावं लागलं, आता रंग आलाय, दूध पितंय.

जुनीस्लाइड

पेशी गेल्या आणि अँटी-डी शिल्लक आहे, म्हणजे मात्रा कमी पडली नाही. पेशी शिल्लक आणि अँटी-डी गायब असं दिसलं असतं तर आणखी द्यावी लागली असती. आता तीन व्हायल पुरल्या असत्या का, ते मात्र कळायला मार्ग नाही. डॉ. सावली, तो वाद तसाच राहिला.

डॉ_सावली

राहू दे. पुढच्या वेळी मागणीच्या कागदावर वजन आणि उंची लिहायची जागा करून घेते, म्हणजे लॅबला विचारावं लागणार नाही.

काचपट्टी

त्याच कागदावर नमुना किती वाजता घेतला आणि वार किती वाजता पडली, तेही. आणि रात्रपाळी, त्या फसलेल्या कंट्रोल स्लाइडचा फोटो असेल तर इथे टाका ना. नव्या मुलींना थंड बफर दाखवायला तसा नमुना माझ्याकडे नाही.